श्रीवर्धनला ‘मिनी गोवा’ म्हणू नका, वाडीत राहायला बोलवा

प्रश्न: आमचं श्रीवर्धन शनिवार-रविवारच्या पर्यटकांसाठी नावारूपाला आणायचं आहे. आम्ही दहा-बारा व्यापारी आणि वाडीवाले एकत्र आलोय, तीन लाख रुपये जमलेत. ‘कोकणातलं मिनी गोवा’ अशी टॅगलाइन, एक लोगो, गावाबाहेर कमान आणि रील्स असा बेत आहे. सध्या लोक दिवेआगरला नाहीतर हरिहरेश्वरला राहतात आणि आमच्याकडून नुसते पुढे जातात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

कमान, लोगो आणि रील्स, तिन्ही या हंगामापुरते बाजूला ठेवा. ‘मिनी गोवा’ मात्र कायमचं सोडा. तुमच्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट आहे जी शेजाऱ्यांपेक्षा तुमच्या नावावर जास्त बसते. ती म्हणजे पोफळीची, सुपारीच्या झाडांची वाडी, आणि त्या वाडीत एक रात्र राहणं. गेली अठरा वर्षं मी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हेच काम करतोय, त्यामुळे नुसता सल्ला न देता कारणंही सांगतो.

कुठलंही घोषवाक्य तपासायची माझी एक साधी रीत आहे. वाक्यातलं तुमच्या गावाचं नाव खोडून शेजारच्या गावाचं घाला. वाक्य तेवढंच खरं राहिलं, तर ते तुमचं नाही. ‘निळा समुद्र, शांत किनारा, घरगुती जेवण’ हे दिवेआगर, मुरूड, आंजर्ले, गुहागर कुणालाही चालतं. ‘मिनी गोवा’ तर त्याहून वाईट, कारण तुम्ही स्वतःच सांगता की खरी वस्तू दुसरीकडे आहे आणि आमच्याकडे तिची लहान नक्कल आहे. शिवाय या नावाने येणारा माणूस गोव्याच्या अपेक्षा घेऊन येतो. त्याला स्वस्त दारू, रात्रभर गाणी आणि पाण्यातले खेळ हवे असतात. ते तुमच्याकडे नाही मिळालं की तो नाराज, आणि मिळालं की तुमची म्हातारी माणसं नाराज.

आता तुम्ही म्हणाल, वाडी तर दिवेआगरलाही आहे, नागाव-रेवदंड्यालाही आहे. बरोबर आहे. पण बाजारात सुपारी ‘श्रीवर्धनी रोठा’ म्हणून ओळखली जाते, दिवेआगरी म्हणून नाही. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत पूजेची सुपारी आणताना हे नाव आजही घेतलं जातं. कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही तुमच्याच गावात आहे. गावाचं नाव लोकांच्या तोंडी आधीच बसलेलं असेल तर ते पोचवायला पैसे लागत नाहीत. ज्या गावाला असं काहीच नाही, त्याला तेवढी ओळख जाहिरातीने कमवायला वर्षं जातात.

एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. ‘सुपारीचं गाव’ म्हणू नका, ‘वाडी’ म्हणा. सुपारी चघळणं कर्करोगाला कारण ठरतं हे आता पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात टाकलंय. त्यामुळे लहान मुलांना घेऊन आलेल्या पाहुण्याच्या हातात कातरलेली सुपारी ठेवायची नाही. झाड, सावली, पाणी, काम, विरी म्हणजे झावळीचं गळून पडणारं रुंद देठ, मसाल्याची झाडं हे सगळं दाखवायचं. सुपारीचं पीक कसं येतं हे सांगायचं, ती खा असं सांगायचं नाही.

वाडीत नेमकं काय दाखवायचं, हे वाडीवाल्याला कळतच नाही, कारण तो तिथेच जन्मला. म्हणून एका फेरीचं वर्णन करतो. मी ती एका वाडीत मालकिणीबरोबर बसून आखली होती आणि चार वेळा चालून तासाभरात बसवली होती.

सकाळी साडेसात वाजता जांभ्याच्या गडग्याच्या आत शिरायचं. बाहेर ऊन चढायला लागलेलं असतं, आत पाऊल टाकलं की थंडावा अंगाला लागतो. पाहुण्यांना इथे एक मिनिट गप्प उभं करायचं, माहिती लगेच सुरू करायची नाही. मग पाटाच्या कडेने विहिरीपर्यंत. वाटेत पोफळीवर चढलेले मिरीचे वेल, खाली जायफळ, दालचिनी, केळी. एकाच जमिनीत तीन उंचींवर पिकं कशी घेतात, हे शहरातल्या माणसाने पाहिलेलं नसतं. मध्येच कुठेतरी वरून विरी धपकन पडते आणि मुलं दचकतात. ती उचलून आणायला मुलांनाच सांगायचं. हीच विरी भिजवून, दाबून ताटली होते. घरी करून ठेवलेली ताटली हातात द्यायची आणि न्याहारी त्याच ताटलीत वाढायची. झाडावर चढणारा असेल त्या दिवशी त्याचं काम पाहायला थांबायचं. एका पोफळीवरचं काम झालं की तो झाड झुलवून शेजारचं झाड धरतो, खाली उतरत नाही. पाहुण्यांसाठी मुद्दाम झाड बदलायला लावायचं नाही. त्याचं काम चाललं असेल तेव्हाच पाहायचं, आणि त्या दिवसाचे त्याला वेगळे पैसे द्यायचे. शेवटी खळ्यात. उन्हात महिना-दीड महिना वाळणारी सुपारी नारिंगी रंगावरून तपकिरी होत जाते. वाळलेली कानाशी धरून हलवली की आत खुळखुळते, ओली मुकी राहते. हे पाहुण्याला स्वतः करून पाहू द्यायचं. मी नोंद ठेवली होती: पाहुणे परत गेल्यावर इतरांना सांगतात ते दोनच, धपकन पडलेली विरी आणि खुळखुळणारी सुपारी. पेशव्यांचा इतिहास कुणी सांगत नाही.

पेशव्यांचं म्हणाल तर बाळाजी विश्वनाथ हे श्रीवर्धनच्या देशमुख भट घराण्यातले, १७१३ मध्ये पेशवे झाले, हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण तो पाहुण्याच्या वेळापत्रकातला अर्धा तास आहे. त्यावर रात्रीचा मुक्काम उभा राहत नाही.

मुक्काम उभा राहतो कशावर, हे तुमच्या शेजाऱ्याकडून शिका. दिवेआगरला १९९७ साली वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणपती सापडला आणि गाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. २०१२ मध्ये दरोडा पडला, पहारेकऱ्यांचे जीव गेले, मूर्ती गेली, आणि त्यानंतर गावातली गर्दी ओसरली. त्यात गावाचा काडीचा दोष नव्हता. पण येणाऱ्याच्या मनात गावाचं नाव एका वस्तूला बांधलेलं होतं. वाडी कुणी एका रात्रीत उचलून नेत नाही. वादळ मात्र नेतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुमच्या अंगावरून गेलं तेव्हा आडव्या झालेल्या पोफळी मी नंतर पाहिल्या. नवीन लावलेलं झाड धरायला पाच-सहा वर्षं लागतात, म्हणजे तेव्हा लावलेल्या वाड्या आत्ता कुठे फळू लागल्यात. ही गोष्ट लपवू नका. एका ओळीत उभी राहिलेली लहान आणि जुनी झाडं दाखवून वाडीवाल्याने स्वतः सांगितलं, तर पाहुणा ऐकत उभा राहतो.

माझी स्वतःची चूकही सांगतो. दक्षिणेकडच्या एका बंदरगावासाठी आम्ही ‘डॉल्फिनचं गाव’ असं नाव दिलं होतं. पहिल्या हिवाळ्यात उत्तम चाललं. मग बोटवाल्यांवर दबाव आला, कारण पैसे भरलेल्या पाहुण्याला डॉल्फिन दिसायलाच हवा. बोटी डॉल्फिनच्या मागे धावू लागल्या, डॉल्फिन लांब गेले, भांडणं झाली, पैसे परत द्यावे लागले. पावसाळ्यात तर बोटच निघत नव्हती. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस गावाने पाट्या काढून टाकल्या. जी गोष्ट आपल्या हातात नाही तिचं वचन आम्ही दिलं होतं. वाडीचं बरं असं की ती शनिवारी सकाळी साडेसातला तिथेच असते.

याच्या उलट वेळास गाव पाहा. तिथे सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांची अंडी राखायचं काम केलं, पाहुणे नंतर आले. पिल्लं ठरल्या दिवशी निघतीलच असं नाही, हे पाहुण्याला आधीच स्पष्ट सांगितलं जातं, आणि गावकऱ्यांच्या घरीच राहायचं असतं. तुम्हाला ते पाहायला लांब जावं लागत नाही. बागमांडल्याला फेरीबोट पकडा, वेश्वीला उतरा, तिथून वेळास जवळच. तुमच्या बारा जणांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे दोन रात्री पाहुणे म्हणून राहून या. चादर, संडास, जेवणाची वेळ, पैसे कसे घेतात, कुठल्या घरी किती पाहुणे द्यायचे हे कसं ठरवतात, सगळं वहीत उतरवा.

आता मोजमाप. पहिल्या हंगामात सहाच घरं घ्या, प्रत्येकी दोन खोल्या. म्हणजे बारा खोल्या, भरल्या तर पन्नासेक माणसं. ऑक्टोबर ते मे असे साधारण ३४ शनिवार मिळतात. निम्म्याच खोल्या भरल्या असं धरलं तरी दोनशेच्या आसपास मुक्काम होतात. चौघांचं कुटुंब एक रात्र राहिलं, जेवलं, वाडी फिरलं, थोडी खरेदी केली, तर गावात सहा हजार रुपये सोडून जातं असं धरू. हे झाले बारा लाख. तेच कुटुंब नुसतं पुढे जाताना थांबलं तर नारळपाणी, भजी, चहा मिळून पाच-सहाशे रुपये. म्हणून गाड्या मोजू नका, रात्री मोजा. आकडे तुमच्याकडच्या दरांनी बदला, पण हिशेब याच रीतीने मांडा.

सहाच घरं का, याचं खरं कारण विहीर आहे. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पोफळीला शिंपणं लागतं, आणि पाहुण्याच्या आंघोळीचं पाणी त्याच विहिरीतून येतं. शहरातला माणूस दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर सहज वापरतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून जास्त उपसा झाला की खालून खारं पाणी वर चढतं. हे आधी चहात कळतं, पाणी मचूळ लागतं. मग झाडाच्या झावळ्या कडेने करपू लागतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. ज्या वाडीवर गावाचं नाव उभं करायचं, तीच वाडी पाहुण्यांच्या शॉवरने मारायची, असं मी दोन ठिकाणी होताना पाहिलंय. म्हणून खोल्यांची संख्या पलंगांवरून नाही, एप्रिलमधल्या विहिरीवरून ठरवा. बादलीने आंघोळ हे वाडीतल्या मुक्कामाचा भाग म्हणून आधीच कळवा; लोक मजेने स्वीकारतात, शॉवर आहे असं सांगून पाणी गेलं तर मात्र कधीच माफ करत नाहीत.

दुसरा धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे आणि तो यशातून येतो. दोन हंगाम बरे गेले की कुणीतरी पंधरा पोफळी तोडून चार खोल्यांचं पक्कं बांधकाम करतो आणि बाहेर ‘वाडी व्ह्यू’ अशी पाटी लावतो. त्याचे पैसे वाढतात, मग शेजारी तेच करतो. पाच वर्षांनी गावात वाडी नावापुरती उरते. याला इलाज एकच, तोही आत्ताच, कुणाचे हितसंबंध तयार व्हायच्या आधी. तुमच्या गटाचं नाव वापरणाऱ्या घराने खोलीसाठी फळतं झाड तोडायचं नाही, आहे त्या घरातल्या खोल्याच द्यायच्या, असं लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नियम मोडला तर घराचं नाव यादीतून जाईल, हेही त्यातच लिहा. पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत प्रत्येक घराची नोंदणीही याच वेळी करून टाका.

तीन लाखांचं मी असं करीन. सहा घरांना प्रत्येकी वीस हजार, फक्त संडास-न्हाणीघर, मच्छरदाण्या आणि पाऊलवाटेवरच्या दिव्यांसाठी. झाले एक लाख वीस हजार. गावात शिरल्यापासून प्रत्येक घरापर्यंत साध्या, वाचता येतील अशा पाट्या, चाळीस हजार. फोटो पन्नास हजारांचे, पण दोन वेळा काढायचे, एकदा श्रावणात आणि एकदा डिसेंबरात, आणि फोटोत तुमचीच माणसं असली पाहिजेत. वेळासचा दौरा पंचवीस हजारांत बसेल. उरलेले पासष्ट हजार हात न लावता ठेवा. पहिल्या महिन्यात काहीतरी बिघडतंच, एखाद्या घरचा पंप जळतो, एखाद्या पाहुण्याचे पैसे परत करावे लागतात.

फोटो काढायच्या आधी एक काम फुकटात होतं आणि ते बहुतेक गावं करत नाहीत. तुमच्या गावाचं नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं: Shrivardhan, Shriwardhan, Srivardhan. घरांची नावं, नकाशावरच्या नोंदी, पाहुण्यांचे अभिप्राय असे विखुरले की शोधणाऱ्याला गाव लहान वाटतं. गटाने एक स्पेलिंग ठरवा, नकाशातली घरांची खूण स्वतः जाऊन योग्य फाटकावर लावा. चुकीच्या खुणेमुळे रात्री नऊ वाजता दुसऱ्याच्या अंगणात गाडी घालणारा पाहुणा चिडूनच घरात शिरतो.

कुणाला बोलवायचं हे ठरवण्यासाठी एक शुक्रवार संध्याकाळ आणि एक शनिवार म्हसळ्याकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर दोन मुलं वही घेऊन बसवा. नंबरप्लेट लिहायच्या. एमएच १२ आणि १४ म्हणजे पुणे-पिंपरी, ताम्हिणीने आलेले. एमएच ०१ ते ०५, ४३, ४६, ४७ म्हणजे मुंबई, ठाणे, पनवेल. दोघांची सवय वेगळी असते. पुण्याचे बरेच जण शनिवारी पहाटे निघतात, मुंबईचे शुक्रवारी रात्री. त्यावर तुमची जेवणाची वेळ ठरते. परतीचाही विचार करा. रविवारी चारला निघालेला मुंबईकर माणगावच्या कोंडीत अडकतो आणि त्याच्या आठवणीत तुमची वाडी राहत नाही, ती कोंडी राहते. रविवारचं जेवण साडेअकराला वाढा आणि साडेबाराला निघायला सांगा. किंवा सोमवारी पहाटे निघणाऱ्याला दुसरी रात्र कमी दरात द्या. ती खोली नाहीतरी रिकामीच असते.

जेवणाबद्दल थोडकंच. ‘मालवणी थाळी’ची पाटी काढा, मालवण तुमच्यापासून फार दूर आहे. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, हंगामात ओल्या काजूची उसळ, जीवना बंदरावरचे त्या दिवशीचे मासे. आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. वाड्या ठरावीक घरांकडे आहेत. सगळे पैसे त्याच घरांत गेले तर बाकीचं गाव दुसऱ्या वर्षी तुमच्या पाहुण्यांकडे तोंड फिरवेल, आणि ते रास्तच असेल. मासे जीवन्याच्या कोळणींकडूनच, रोजच्या भावाने, रोखीने घ्या. एक रात्रीचं जेवण कोकणी मुस्लिम घरात ठेवा, तिथली चव पुण्या-मुंबईच्या बहुतेकांनी घेतलेली नसते. आरावी-शेखाडीच्या सागरी रस्त्यावर संध्याकाळी नेणारा रिक्षावाला गावातलाच असू द्या.

पहिल्या वीस कुटुंबांना जाहिरात न करता बोलवा, ओळखीतून, निम्म्या दरात. जाताना एकच प्रश्न विचारा: घरी गेल्यावर शेजाऱ्याला काय सांगाल? उत्तर जसंच्या तसं त्यांच्याच शब्दांत लिहा. वीस उत्तरांत जे चार-पाच वेळा येईल, तेच तुमचं घोषवाक्य. लोगो काढायचा असेल तर तो त्यानंतर, त्याच शब्दांवरून.

घरटी एक वही ठेवा. कुठून आले, किती रात्री, कुणाकडून कळलं, पहिल्यांदा की दुसऱ्यांदा. मार्चअखेरीस सहाही वह्या एकत्र मांडा. ‘कुणाकडून कळलं’ या रकान्यात आधीच्या पाहुण्यांची नावं दिसू लागली असतील तर पुढच्या ऑक्टोबरात आणखी दोन घरं घ्या. सगळीकडे ‘रस्त्यात पाटी दिसली’ असेल तर घरं वाढवू नका, फेरी आणि जेवण पुन्हा तपासा. आणि त्याच दिवशी सहाही विहिरींचं पाणी पिऊन बघा. जिथे मचूळ लागेल तिथली एक खोली मे संपेपर्यंत बंद.